बावीस गुणांचा शनिवार

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या घरी सहा शनिवारांचं ‘घरगुती ऑलिंपिक’ ठरलं. खेळणारे सहा जण होते: आई, दादा, वहिनी, त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा, मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी. वही माझ्या नवऱ्याकडे होती. त्याला खेळायचं नव्हतं, म्हणजे हिशेब निःपक्ष राहणार होता. दर शनिवारी एक खेळ खेळायचा, मिळालेले गुण वहीत लिहायचे आणि शेवटी बेरीज करून विजेता ठरवायचा, इतकी साधी योजना होती.

ती तिसऱ्या शनिवारीच कोलमडली. पहिल्या शनिवारी आम्ही नाव-गाव-फळ-फूल खेळलो होतो. दहा अक्षरं, चार रकाने. दुसऱ्या कुणी न लिहिलेल्या शब्दाला दहा गुण, दोघांनी लिहिलेल्या शब्दाला पाच. भाच्याचे ३१५ झाले, आईचे २२५. तिसऱ्या शनिवारी सागरगोटे होते. एकेक, दोन-दोन असं चढत जाऊन सात खेळ्या पूर्ण करायच्या आणि प्रत्येक पूर्ण खेळीला एक गुण. आईनं सातही केल्या, तेही गप्पा मारत. भाचा पहिल्या खेळीनंतर अडकला. दुपारभर तिच्या हाताकडे आम्ही सगळे बघत राहिलो होतो. मग नवऱ्यानं बेरीज वाचली आणि कळलं, की ९० गुणांनी मागे असलेली आई आता ८४ गुणांनी मागे आहे.

‘‘म्हणजे माझ्या सात खेळ्या त्याच्या एका घोडनदीएवढ्याही नाहीत होय?’’ आई म्हणाली. ‘घ’ वरून गाव लिहिताना भाच्यानं घोडनदी लिहिलं होतं आणि त्याला त्याचे दहा मिळाले होते.

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. वेगवेगळ्या खेळांचे कच्चे गुण एकत्र मिळवले, की ज्या खेळात गुणांचा आकडा मोठा, तो खेळ सगळी स्पर्धा गिळून टाकतो. त्यात कुणाची लबाडी नसते. नाव-गावात माणसा-माणसात नव्वदाचं अंतर पडू शकतं, सागरगोट्यांत जास्तीत जास्त सातांचं. शिवाय चौथा खेळ रमीचा होता. रमीत डाव लावणाऱ्याला शून्य आणि हातात पत्ते अडकलेल्याला जास्तीत जास्त ऐंशी. हे गुण सरळ बेरजेत घातले, तर जो सगळ्यांत वाईट खेळेल तो पुढे जाईल.

दादानं टक्केवारी सुचवली. पहिला येईल त्याला शंभर, बाकीच्यांना त्या प्रमाणात. ऐकायला बरं वाटतं, पण करून पाहिलं की दोष दिसतो. नाव-गावात आईला ३१५ पैकी २२५, म्हणजे ७१ टक्के मिळतात. सागरगोट्यांत भाच्याला सातापैकी एक, म्हणजे १४. आता सागरगोटे बाकी खेळांना गिळणार. आणि रमीत पहिल्या आलेल्याचे गुणच शून्य, त्याच्याशी प्रमाण काढणार कसं? डेकॅथ्लॉनमध्ये धावण्याचे सेकंद आणि भाल्याचे मीटर एकत्र करण्यासाठी तक्ते असतात; अमुक वेळेला अमुक गुण, असं सूत्रच ठरलेलं असतं. ते तक्ते जगभरातल्या खेळाडूंच्या कामगिरीवरून बसवलेले आहेत. सागरगोट्यांचा असा तक्ता कुठून आणणार?

म्हणून घरच्या स्पर्धेत एकच रस्ता उरतो. खेळातले गुण त्या दिवसापुरते, फक्त क्रमांक लावायला वापरायचे आणि वहीत गुण लिहायचे ते क्रमांकाचे. रमीत कमी गुणांना पहिला क्रमांक, सागरगोट्यांत जास्त खेळ्यांना. वहीला त्याच्याशी देणंघेणं नाही. यात काहीतरी हरवतं, हेही खरं. पाच गुणांनी जिंकलेला आणि शंभरानं जिंकलेला वहीत सारखेच होतात. मला ते चालतं, कारण त्या बदल्यात सागरगोटे आणि नाव-गाव एकाच उंचीवर येतात.

यंदा आम्ही याच पद्धतीनं खेळलो. पण क्रमांकाला गुण किती द्यायचे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. सहा जणांना ६-५-४-३-२-१ असे गुण द्यावेत, हे कुणालाही पटकन सुचेल. त्यात पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर आणि पाचव्या-सहाव्यातलं अंतर सारखंच राहतं. याउलट फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यतींत १९९१ ते २००२ या काळात पहिल्या सहांना १०-६-४-३-२-१ असे गुण होते. तिथे जिंकणाऱ्याची झेप मोठी. यांतलं काय निवडलं त्यावर विजेता बदलू शकतो का? बदलू शकतो. यंदाची स्पर्धा संपल्यावर मी आमचेच क्रमांक घेऊन दोन्ही प्रकारे मांडून पाहिलं.

भाचा नाव-गावात पहिला आला, कॅरममध्ये पहिला, सागरगोट्यांत सहावा, रमीत पाचवा, ताटातल्या वस्तू आठवण्याच्या खेळात पुन्हा पहिला आणि सापशिडीत सहावा. वहिनी एकदाही पहिली आली नाही, पण चारदा दुसरी आणि दोनदा तिसरी आली. सरळ उतरत्या गुणांनी भाच्याचे २२ होतात आणि वहिनीचे २८; वहिनी आरामात जिंकते. १०-६-४ नं भाच्याचे ३४ होतात, वहिनीचे ३२, भाचा जिंकतो. खेळ तेच, क्रमांक तेच, आणि एकाच घरातली आई आणि मुलगा जागा बदलतात. यांतला कुठला निकाल बरोबर, हे गणित सांगत नाही. तीनदा जिंकून तीनदा तळाशी जाणारा मोठा, की कधीच न ढळणारा मोठा, हे घरानं ठरवायचं असतं. मात्र ते पहिल्या शनिवारच्या आधी ठरवायचं, कारण दुसऱ्या शनिवारी प्रत्येकाला आपला फायदा कशात आहे ते दिसू लागतं.

आम्ही ७-५-४-३-२-१ ठरवलं होतं. जिंकण्याला एक गुण जास्त, बाकी सरळ उतार. दहा दिले तर एखादा दिवस चुकलेला माणूस पुढचे दोन शनिवार कंटाळत येतो, असं वहिनीचं मत पडलं आणि मलाही ते पटलं. शेवटच्या क्रमांकाला एक गुण ठेवण्यामागेही कारण आहे. आलेल्या माणसाला न आलेल्या माणसापेक्षा काहीतरी जास्त मिळालंच पाहिजे.

या आकड्यांचा एक व्यवहारी फायदा निघाला. सात, पाच, चार, तीन, दोन, एक यांची बेरीज बावीस. म्हणजे दर शनिवारी सहाही जण खेळले तर वहीच्या त्या रकान्याची बेरीज बावीसच यायला हवी. एकवीस किंवा तेवीस आली, तर क्रमांक लावताना नाहीतर गुण लिहिताना चूक झाली आहे, हे त्याच क्षणी कळतं. बरोबरीतही बावीसच राहतात, फक्त जागांचे गुण वाटून घ्यायचे. कॅरमच्या दिवशी हे कामाला आलं. प्रत्येकानं प्रत्येकाशी एक बोर्ड खेळायचा असं ठरल्यामुळे सहा जणांचे पंधरा बोर्ड झाले. दुपारी चारला सुरू झालेला खेळ जेवणानंतर संपला. बाद फेरी घेतली असती तर लवकर उरकलं असतं, पण बाद फेरीत पहिला-दुसराच खात्रीनं कळतो, तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचा क्रम अंदाजानं लावावा लागतो. ज्याची चिठ्ठी पहिल्याच फेरीत भाच्यासमोर निघेल, त्याचा शनिवार दहा मिनिटांत संपला असता.

तर पंधरा बोर्डांनंतर भाच्याचे पाच विजय, दादाचे चार, वहिनीचे तीन. उरलेल्या आम्ही तिघी एकेकच जिंकलो होतो. मी आईला हरवलं, आईनं माझ्या मुलीला आणि मुलीनं मला. अशा गोल फिरणाऱ्या निकालातून चौथी कोण हे काढता येत नाही, काढूही नये. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या जागेचे तीन, दोन आणि एक मिळून सहा गुण होतात. तिघींना दोन-दोन दिले. बेरीज बावीसच आली.

माझी मुलगी मला हरवू शकली, त्यामागे एक सवलत होती. लहान मुलांना खेळात घ्यायची आपली जुनी पद्धत म्हणजे कच्चा लिंबू. तो खेळतो, पण बाद होत नाही आणि मोजलाही जात नाही. नऊ वर्षांच्या मुलीनं ते साफ नाकारलं. तिला वहीत नाव हवं होतं. मग तिला वहीत दोन गुण जास्त द्यावेत, अशी सूचना आली. ती मी मोडून काढली. क्रमांकानंतर वरून दिलेले गुण मुलांना भीक वाटतात आणि मोठ्यांना खुपतात. सवलत द्यायची तर खेळाच्या आत, सुरुवातीलाच द्यावी आणि सगळ्यांना दिसेल अशी द्यावी. कॅरममध्ये तिच्या रंगाच्या चार सोंगट्या आधीच बाहेर काढून ठेवल्या. नाव-गावात प्रत्येक अक्षराला बाकीच्यांनी ‘स्टॉप’ म्हटल्यावर तिला मनात वीस मोजेपर्यंत लिहू दिलं. सवलत बरोबर बसली की नाही हे कसं ओळखायचं? ज्याला सवलत आहे तो कधी शेवटचा, कधी मधला यायला हवा. कायम शेवटचा आला तर सवलत अपुरी, दोनदा लागोपाठ पहिला आला तर जास्त. आमची कॅरममधली बरोबर होती, नाव-गावातली कमी पडली. ती सहावीच आली.

खरा समतोल मात्र सवलतींनी येत नाही, तो खेळांच्या निवडीनं येतो. सहा जण, सहा शनिवार, प्रत्येकानं एक खेळ सुचवायचा. अट एवढीच, की तो सहाही जणांना खेळता आला पाहिजे. भाच्यानं आधी दोरीवरच्या उड्या सांगितल्या होत्या. आईच्या गुडघ्यांमुळे त्या बाद झाल्या आणि त्यानं कॅरम घेतला. आईचे सागरगोटे, दादाची रमी, माझं नाव-गाव. वहिनीनं महिला मंडळातला ताटाचा खेळ आणला: ताटात वीस वस्तू, एक मिनिट बघायच्या, मग झाकून लिहायच्या. मुलीची सापशिडी. गंमत बघा, आपापला खेळ जिंकला तो आई, दादा, भाचा आणि मुलगी यांनी. वहिनी स्वतःच्या खेळात दुसरी आली, मी माझ्यात तिसरी. पण प्रत्येकाला एक शनिवार आपला होता आणि खेळ कुणी निवडले यावरून भांडायला जागा नव्हती.

सापशिडीवर दादाचा आक्षेप होता. नुसत्या फाशाच्या खेळाला सागरगोट्यांइतकेच गुण का? आक्षेप बिनबुडाचा नाही. सापशिडीत सहा जणांपैकी कुणीही जिंकण्याची शक्यता सारखीच असते आणि कितीही डाव खेळले तरी तिच्यात कौशल्य शिरत नाही. रमीचं तसं नाही. एका डावात पत्त्यांचं नशीब चालतं, पण दहा डावांची बेरीज घेतली की डाव कधी सोडायचा हे कळणारा माणूस वर येतो. म्हणून रमीचे आम्ही दहा डाव खेळलो. सापशिडी मात्र आहे तशीच ठेवली, कारण सहा खेळांत एक खेळ असा असला की नऊ वर्षांच्या मुलीला आणि तिच्या मामाला खरोखर समान संधी मिळते. दोन खेळ तसे असते तर मी दादाच्या बाजूनं बोलले असते. तिच्यात फक्त एक काळजी घेतली. पहिला भिडू शंभरावर पोहोचला तरी तो फेरा पूर्ण करायचा, म्हणजे सगळ्यांनी फासे सारख्याच वेळा टाकलेले असतात, आणि मग ज्या-त्या घरावरून क्रमांक लावायचे. नाहीतर उशिरा बसलेल्याला एक फासा कमी मिळतो.

कित्येक आठवडे चालणाऱ्या स्पर्धेत सगळ्यांत अवघड प्रश्न येतो तो गैरहजेरीचा. पाचव्या शनिवारी दादाला कामासाठी बाहेरगावी जावं लागलं. त्याला शून्य द्यायचं? मग एका कामामुळे त्याची स्पर्धा संपली. त्याच्या आधीच्या खेळांची सरासरी द्यायची? मग नको असलेल्या खेळाच्या दिवशी काम निघू लागेल. आम्ही सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं, की सहांपैकी उत्तम पाच शनिवार मोजायचे. न आलेल्याचं शून्य आपोआप गळतं आणि बाकीच्यांचाही एक वाईट दिवस गळतो. त्या शनिवारी पाचच जण होते, म्हणून शेवटचा एक गुण कुणालाच दिला नाही आणि रकान्याची बेरीज एकवीस झाली. पाचांपेक्षा कमी जमले तर खेळ पुढे ढकलायचा, हेही लिहिलेलं होतं. तिघांत पहिल्या येणाऱ्याला पुरे सात देणं बरोबर नाही.

पण ‘उत्तम पाच’ हा नियम दिसतो तितका निरुपद्रवी नाही. त्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण पुन्हा फॉर्म्युला वनमधलंच आहे. १९८८ साली सोळा शर्यतींपैकी उत्तम अकराच मोजल्या जात. आलां प्रोस्त सात शर्यतींत पहिला आणि सात शर्यतींत दुसरा आला. पहिल्याला नऊ आणि दुसऱ्याला सहा गुण, म्हणून त्याची एकूण बेरीज १०५ झाली. आयर्टन सेनाची ९४. पण उत्तम अकरा मोजल्या, तेव्हा प्रोस्तच्या तीन दुसऱ्या जागा गळून ८७ उरले आणि आठ शर्यती जिंकलेल्या सेनाचे ९०. जगज्जेता सेना झाला. वाईट दिवस गाळण्याचा फायदा ज्याचे दिवस खूप चांगले किंवा खूप वाईट असतात त्याला मिळतो. ज्याचा एकही दिवस वाईट नाही, त्याला चांगलाच दिवस गाळावा लागतो. १९९१ पासून तिथे सगळ्या शर्यती मोजू लागले.

आमच्याकडे हेच झालं. सहाही शनिवार धरले तर वहिनीचे २८ आणि भाच्याचे २५. उत्तम पाच धरल्यावर भाच्याचा सहाव्या क्रमांकाचा एक गुण गळला आणि वहिनीचे तिसऱ्या क्रमांकाचे चार. दोघंही २४. माझे आणि दादाचे १९-१९, आईचे १८, मुलीचे १७.

हा नियम नको होता का? दादाचं पाहिलं तर हवा होता, नाहीतर तो पाचव्या शनिवारीच उठून गेला असता. पुढच्या वर्षी मात्र गाळणं फक्त गैरहजेरीपुरतं ठेवावं, असं मला वाटतं. जो गैरहजर राहिला त्याच्या पाच शनिवारांची सरासरी लावायची आणि जे सहाही दिवस आले त्यांचे सहाही मोजायचे. भाच्याला ते मान्य नाही, आणि का ते उघड आहे.

शेवटच्या शनिवारी सापशिडीला दुप्पट गुण द्यावेत म्हणजे रंगत येईल, अशी कल्पनाही कुणीतरी काढली होती. सात गुणांच्या पद्धतीत एका दिवसात कुणी कुणाला जास्तीत जास्त सहा गुणांनीच गाठू शकतो, त्यामुळे मोठी आघाडी असली की शेवटचा दिवस सपक होतो, हे खरं. पण दुप्पट केलं असतं तर अजिंक्यपद फाशानं ठरलं असतं. फॉर्म्युला वननं २०१४ साली शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण देऊन पाहिले आणि पुढच्याच वर्षी ते बंद केले. आम्ही ते केलं नाही, आणि आम्हाला गरजही पडली नाही. सापशिडीआधी वहिनी आणि भाचा दोघंही २४ वर होते. वहिनी तिसरी आली, भाचा सहावा, दोघांचाही तोच दिवस गळला आणि दोघं पुन्हा २४ वर.

तेव्हा लक्षात आलं, की बरोबरीचा नियम वहीत नाहीच. आपसातल्या लढतीत कोण वरचढ ते पाहिलं: तीन खेळांत भाचा वर, तीन खेळांत वहिनी. पहिले क्रमांक मोजले तर भाचा तीन, वहिनी शून्य. ‘‘मग मीच!’’ तो म्हणाला. आईनं त्याला थांबवलं. नावं कळल्यानंतर नियम करायचा नाही, हे तिचं म्हणणं होतं. टोकियोत २०२१ साली उंच उडीत बार्शीम आणि ताम्बेरी दोघांनी सुवर्णपदक वाटून घेतलं होतं, त्याची आठवण दादानं दिली. पितळी तांब्या दोघांच्या नावानं गेला.

पुढच्या वर्षीच्या वहीत पहिल्या पानावर आता ओळ लिहिलेली आहे: बरोबरी झाल्यास ज्याचे पहिले क्रमांक जास्त तो पुढे, तेही सारखे असल्यास दुसरे क्रमांक मोजावेत. ऑलिंपिकच्या पदकतालिकेत हाच क्रम असतो. २०२४ च्या पॅरिसमध्ये अमेरिका आणि चीन दोघांची चाळीस-चाळीस सुवर्णपदकं झाली तेव्हा रौप्यपदकांवर अमेरिका वर गेली. खाली सहा जणांच्या सह्या आहेत. मुलीची सही सगळ्यांत मोठी आहे.